वांग जावा, ठिपके राहावेत

श्रोतेहो, नमस्कार. दवाखान्यात बसल्यावर एक तक्रार नेहमी कानावर येते: “गालावरचे डाग घालवा, पण चेहरा पांढराफटक करू नका.” मागणी अगदी रास्त आहे. अडचण अशी की बाजारातली बरीचशी क्रीम सरसकट सगळाच रंग उतरवू पाहतात.

एक उदाहरण घेऊ. अडतिशीतली एक बाई आहे. लहानपणापासून तिच्या नाकावर आणि गालांच्या वरच्या भागावर बारीक तपकिरी ठिपके आहेत, आणि तिला ते आवडतात. दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर वांग आला. आरशात नीट पाहिलं तर फरक कळतो. ठिपके मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे, सुटेसुटे, कडा स्पष्ट. वांग मात्र पसरट, वेड्यावाकड्या काठाचा आणि बहुतेक वेळा दोन्ही गालांवर जोडीनं येणारा. ठिपके अनुवंशानं येतात आणि उन्हात गडद होतात. वांगात त्या जागच्या रंगपेशी संप्रेरकं आणि प्रकाश यांच्यामुळे जरुरीपेक्षा जास्त काम करू लागतात.

या फरकाचा फायदा घेणारं एक औषध आहे, अ‍ॅझेलाइक अ‍ॅसिड. वांगासाठी त्याचं वीस टक्क्यांचं क्रीम वापरतात. त्याचा जोर मुख्यतः अतिसक्रिय रंगपेशींवर पडतो. निरोगी त्वचेच्या आणि ठिपक्यांच्या रंगाला ते फारसा धक्का लावत नाही. हायड्रोक्विनोन हे रंग उतरवणारं दुसरं औषध जास्त जोरदार खरं, पण ते डागाबाहेर गेलं की आजूबाजूची चांगली त्वचाही फिकी पडते आणि डागाभोवती पांढुरकं कडं दिसू लागतं. म्हणून ठिपके राखायचे असतील तर माझी पहिली पसंती अ‍ॅझेलाइकला.

या बाईनं काय करायचं? रात्री चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्यायचा. दोन्ही गालांना मिळून वाटाण्याएवढं क्रीम पुरतं. बोटाच्या टोकानं ते फक्त वांगावर लावायचं, सगळ्या चेहऱ्यावर चोळायचं नाही. पहिले दोन आठवडे फक्त रात्री, सोसलं तर पुढे सकाळीही. सुरुवातीला थोडा वेळ चुणचुणतं, ते चालतं. पण सकाळी उठल्यावरही गाल लाल आणि आग होत असेल तर दोन-तीन दिवस थांबायचं, फक्त मॉइश्चरायझर लावायचं. इथे हट्ट नको. सावळ्या-गव्हाळ त्वचेत जळजळीनंतर नवाच काळा डाग उमटतो, म्हणजे आगीतून फुफाट्यात.

आता सनस्क्रीन. वांगाला अतिनील किरणांप्रमाणेच डोळ्यांना दिसणारा प्रकाशही भडकवतो, आणि तो खिडकीच्या काचेतून आरामात आत येतो. साधं रंगहीन सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन लागतं. तर्जनी आणि मधलं बोट, या दोन बोटांच्या लांबीइतकं चेहऱ्याला आणि मानेला मिळून लावायचं, आणि उन्हात असताना दर दोन तासांनी पुन्हा. हो, ऊन टळल्यामुळे ठिपकेही थोडे फिके होतील, हे आधीच सांगून ठेवतो. पुसून मात्र जाणार नाहीत.

फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात, आणि पूर्ण अंदाज यायला सहा. रोज आरसा पाहून काही कळत नाही. महिन्यातून एकदा त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी फोटो काढावा. वांग उतरतो तो एकसारखा नाही: डागाच्या आत फिकट बेटं उमटतात, काठ पुसट होतो, मध्येच तुकडे राहतात. हे तुकडे म्हणजे नवे ठिपके आले असं समजून लोक घाबरतात आणि उपचार सोडतात. जुन्या फोटोशी ताडून पाहा, जागा तीच निघते.

वांग त्वचेत खोलवर असेल, करडा-निळसर दिसत असेल, तर क्रीमचा उपयोग बेताचाच होतो. उतरलेला वांगही उन्हानं परत येतो, म्हणून सनस्क्रीन पुढेही चालूच. आणि मैत्रिणीनं सुचवलेलं, चार दिवसांत उजळवणारं क्रीम लावण्याआधी त्यात स्टेरॉइड आहे का ते पाहा. अशा क्रीमनं आधी चेहरा छान दिसतो, मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात आणि क्रीम बंद करताच चेहरा पेटतो. डॉक्टर देतात त्या काही मिश्रणांतही स्टेरॉइड असतं, पण ते मोजक्या आठवड्यांसाठी आणि देखरेखीखाली.

एक अपवाद लक्षात ठेवा. बाकीच्या ठिपक्यांपेक्षा एखादा ठिपका वेगळा दिसू लागला, वाढू लागला, एकाच ठिपक्यात दोन-तीन रंग दिसले किंवा त्यातून रक्त आलं, तर त्यावर कुठलंही क्रीम लावू नका. तो आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.