देवपूर ते आग्रा रोड, तीन किलोमीटर

(पडद्यावर: धुळे, पांझरेचा पूल, सकाळची गर्दी)

देवपुरातून निघायचं, पांझरा ओलांडायची, आग्रा रोडला दुकानापाशी गाडी लावायची. तीन किलोमीटर, दहा मिनिटं. दुपारी जेवायला घरी, मग पुन्हा दुकान, रात्री परत. दिवसाचे बारा, महिन्याचे जेमतेम तीनशे किलोमीटर. कापड दुकानदार असलेल्या आमच्या एका स्नेह्यांनी यासाठी जुनी डिझेल गाडी घेतली. आधीचा मालक ती नाशिक-मुंबई अशी पळवायचा, त्यामुळे गाडी ठणठणीत होती. अव्हरेजही छान. चुकलं एवढंच, की गाडी बीएस-६ ची होती.

एप्रिल २०२० पासून आपल्याकडे गाड्यांच्या धुरासाठी बीएस-६ हे कडक नियम लागू झाले आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत एक जाळी आली. तिला डीपीएफ म्हणतात. दिसायला मधमाशांच्या पोळ्यासारखी, चिनीमातीसारख्या पदार्थाची. तिच्या नळ्या आळीपाळीने एका टोकाला बंद असतात. धूर भिंतीतून झिरपून बाहेर जातो, काजळी आत अडकते.

ही काजळी झटकून निघत नाही, जाळावी लागते. हायवेला इंजिन तापलेलं असलं की थोडी आपोआप जळत राहते. उरलेल्या काजळीसाठी गाडी स्वतःच भट्टी पेटवते: सिलिंडरमध्ये उशिरा जादा डिझेल सोडते, ते पुढे सायलेन्सरच्या वाटेत जळतं आणि जाळीचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास जातं. याला रिजनरेशन म्हणतात. त्याला सलग पंधरा-वीस मिनिटं लागतात, तीही गाडी बऱ्यापैकी वेगात असताना. मे महिन्यात धुळ्याचा पारा चव्वेचाळीसवर जातो, म्हणून इथे गाडी लवकर तापत असेल असं कुणाला वाटेल. पण सहाशेच्या पुढे चव्वेचाळीस म्हणजे काय!

आता दहा मिनिटांची फेरी बघा. इंजिन नीट तापतं न तापतं तोच दुकान येतं. भट्टी पेटलीच, तर अर्ध्यावर चावी फिरते. काजळी तशीच राहते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच अर्धवट खेळ.

(पडद्यावर: गॅरेज, बॉनेट उघडं, हातात ऑइलची काडी)

खरा घोटाळा इथे दिसतो. जादा सोडलेलं सगळं डिझेल सायलेन्सरपर्यंत पोचत नाही. थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. अर्धवट राहिलेलं प्रत्येक रिजनरेशन त्यात भर घालतं. आमचे स्नेही खूश होते, "गाडी तेल खातच नाही." मेकॅनिकने काडी काढली, तर ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर. त्याने ते बोटाने चोळलं, हुंगलं. डिझेलचा वास. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग आणि टर्बोला नीट वंगण देत नाही. "भाऊ, हाई गाडी गावमा फिराले नही शे," तो एवढंच म्हणाला.

डॅशबोर्डवर पिवळा दिवा महिनाभरापूर्वीच लागला होता. गाडी चालत होती, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. मग इंजिनचा दिवा लागला आणि गाडी ओढेनाशी झाली.

या टप्प्यावर स्कॅनर लावून उभ्या गाडीतच काजळी जाळता येते. गाडी मोकळ्यावर लावतात, खाली सुकं गवत नाही ना ते पाहतात, कारण सायलेन्सर भयंकर तापतो. त्यानंतर ऑइल आणि फिल्टर बदलायचेच. हे काम काही हजारांत भागतं. पण काजळी हद्दीपलीकडे साचली असेल, तर जाळी तडकण्याच्या भीतीने गाडीचा कॉम्प्युटर ते सुरूच होऊ देत नाही. मग जाळी उतरवून साफ करायची, नाहीतर नवी टाकायची. नवीचा आकडा बऱ्याच गाड्यांना लाखाच्या घरात जातो. जाळी कापून टाकण्याचा सल्ला देणारे भेटतात, पण ते बेकायदा आहे.

शिवाय इंजिन ऑइलमधल्या धातूंची राख जाळीत साचते, ती कितीही तापवली तरी जळत नाही. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं. जुनी गाडी घेताना बिलांवर कोणतं ऑइल लिहिलंय ते बघा. स्कॅनरवर काजळीचं प्रमाण आणि शेवटचं पूर्ण रिजनरेशन किती किलोमीटरपूर्वी झालं, हे बहुतेक वेळा दिसतं. विकणारा स्कॅनर लावू देत नसेल, तर मी तरी ती गाडी घेणार नाही. मिटवलेला दिवा पुन्हा लागायला वेळ लागतो, आणि तोवर व्यवहार उरकलेला असतो.

(पडद्यावर: नगावबारी, रविवारची सकाळ)

स्नेह्यांचं काम ऑइल आणि स्कॅनरवर निभावलं. आता दुकानाला स्कूटी जाते. रविवारी गाडी नगावबारीवरून हायवेला लागते आणि सोनगीरपर्यंत जाऊन येते. घरापाशी आल्यावर ते आधी कान देतात. पंखा जोरात फिरतोय, इंजिनचा आवाज नेहमीपेक्षा किंचित वर आहे, उष्ण करपट वास येतोय, म्हणजे भट्टी अजून पेटलेली आहे. मग चावी न फिरवता ते तसेच पुन्हा हायवेकडे वळतात.