तांबडी भाजी: जुडीच्या पोटात काय आहे?

[दृश्य: पहाटेचा पाऊस नुकताच थांबलेला. कुडाळचा आठवडा बाजार. रस्त्याकडेला ओल्या गोणपाटावर लाल माठाच्या जुड्या.]

श्रावणातला बाजार. लाल माठाला इथे सगळे तांबडी भाजीच म्हणतात. केळीच्या सोपाने बांधलेल्या जुड्या, मुळांना अजून लाल माती. पलीकडच्या गोणपाटावर तीच भाजी, पण धुतलेली, पाणी मारलेली, चकचकीत. येणाऱ्या माणसाचा हात आधी त्या चकचकीत जुडीकडे जातो. आज आपण दोन्ही घेणार आहोत.

"काकी, कधी काढलंस गे?"

"आज सकाळीच काढलंय गो बाय. माती बघ ना मुळाची."

माती बघायची ती का, तेही सांगते. उपटलेल्या रोपाला मूळ पाणी पुरवू शकत नाही, आणि पानातलं पाणी मात्र वाऱ्यावर उडत राहतं. त्यामुळे आधी शेंडा मान टाकतो, मग पानं मऊ पडतात. वरून पाणी मारलं की पान ओलं दिसतं, पण ते पाणी पानाच्या वरच राहतं. म्हणून मी चकाकीवरून कधीच ठरवत नाही. मुळाला ओली माती असेल आणि बारीक तंतुमुळं पांढरट, लवचीक असतील, तर भाजी आजची. तंतू सुकून तपकिरी झाले, बोटाने चोळताच तुटले, तर ती कालची किंवा परवाची. मुळं कापून टाकलेली असतील तर देठाचा काप बघायचा: ताजा काप ओलसर आणि लालसर असतो, जुना सुकून आत ओढला जातो आणि तपकिरी पडतो.

[दृश्य: जवळून. अंगठ्याने देठ वाकवला जातो. 'कट्' असा आवाज.]

देठ वाकवून बघा. ताजा देठ थोडा वाकतो आणि चटकन मोडतो. शिळा नुसताच दुमडतो. मोडला, पण मागे दोरा ओढला जातो, असं झालं तर भाजी शिळी नसेलही, पण जून झालेली आहे. तिचे देठ शिजायला वेळ घेतील, पानं तेवढी चांगली.

आता खरी परीक्षा जुडीच्या पोटाची. पाण्यात भिजवून घट्ट बांधलेल्या जुडीत हवा खेळत नाही, भाजी आत उबते आणि तिथूनच कुजायला लागते. बाहेरची पानं मात्र छान दिसत राहतात. त्या चकचकीत जुडीत मी बोट घालते. आत कोमट लागतंय, पान बोटाला चिकटतंय. बोट बाहेर काढलं, तर ते तांबडं. माठाचा हा रंग पाण्यात विरघळणारा आहे, पण धड पानातून तो सहज बाहेर येत नाही. पान चिरडलं किंवा कुजलं की पेशी फुटतात आणि रंग गळतो. जुडीखालच्या गोणपाटावर तांबडं पाणी साचलेलं दिसलं, तर पोटात काय आहे ते सोप न सोडताच कळतं.

[दृश्य: घरची पडवी. दोन्ही जुड्या सोडलेल्या.]

मातीची जुडी सोडली: वरची दोन-तीन पानं वाऱ्याने मऊ झालीत, बाकी सगळी ताठ. चकचकीत जुडीतली मधली पानं काळपट, बुळबुळीत, आणि त्यांना आंबूस वास. ती भाजी निवडताना निम्मी टाकावी लागली.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. मान टाकलेली प्रत्येक जुडी टाकाऊ नसते. दुपारच्या उन्हात बसलेल्या बाईची भाजी नुसती तहानलेली असू शकते. तिचा रंग धड असेल, आत चिकटपणा नसेल, तर घ्या. घरी आल्यावर देठ बोटभर कापून अर्धा-पाऊण तास गार पाण्यात उभी ठेवा, पानं पुन्हा उभी राहतात. पिवळी पडलेली किंवा बुळबुळीत झालेली पानं मात्र काही केल्या परत येत नाहीत.

टाकळ्याच्या बाबतीत अजून एक फसगत होते. त्याची पानं संध्याकाळी आपोआप मिटतात. सांजवेळी मिटलेला टाकळा बघून लोक परत फिरतात. तेव्हा पान सोडून देठ बघावा.

[दृश्य: पडवळ आणि भेंडीची टोपली.]

पडवळाला मात्र बोटाने दाबूनच बघावं लागतं. कोवळं पडवळ फिक्या हिरव्या रंगाचं आणि घट्ट लागतं. कुठेही नारिंगी छटा दिसली, तर ते पिकायला लागलंय आणि आतल्या बिया कडक झाल्यात. भेंडीचं टोक मोडून बघायची आपल्याला सवय, पण मोडलेली भेंडी विकणारीच्या टोपलीतच पडून राहते. टोक हळूच वाकवलं तरी कळतं: कोवळी असेल तर ती तुटायच्या बेतात येते, निबर असेल तर नुसती लवते. तेवढ्यावर थांबावं.

[दृश्य: काकी उरलेल्या जुड्यांवर केळीचं पान झाकते.]

पाऊस पुन्हा सुरू झाला. काकीने जुड्या पानाखाली घेतल्या, एकावर एक न रचता, शेजारी शेजारी.