पुण्यात पाणी किती अंशाला उकळतं?

...या प्रश्नावर शिक्षकांनी भरलेल्या या सभागृहातून एकमुखानं उत्तर आलं, 'शंभर!' छान. आता सातवीतल्या एका मुलीची प्रयोगवही पाहू. पाणी तापवायचं आणि दर दोन मिनिटांनी तापमान नोंदवायचं, असा प्रयोग. तिच्या तक्त्यात शेवटी ९७, ९८, ९८, ९८ असे आकडे होते. ते खोडरबरानं पुसून वर १०० लिहिलेलं. पान उजेडात धरलं की खालचे ९८ दिसत होते. शेजारी शिक्षकांची लाल बरोबरची खूण.

मला याचा राग येतो आणि तो मी लपवणार नाही. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहे. दर तीनशे मीटरला उत्कलनबिंदू ढोबळमानानं एक अंशानं उतरतो. म्हणजे ९८ हेच बरोबर! मुलीनं खरं पाहिलं आणि आपण ते तिच्याकडून पुसून घेतलं. महाबळेश्वरच्या मुलांना तर पंच्याण्णव-शहाण्णवच्या आसपासच थांबावं लागेल. त्यांना काय नापास करायचं? हां, शाळेतली तापमापीही एखादा अंश चुकते. म्हणून 'कोणती तापमापी वापरली' हेही वहीत हवं. पण आकडा तीन वेळा तिथंच थांबला, हे तापमापीच्या चुकीनं खोटं ठरत नाही.

त्याच वहीत आणखी एक ओळ होती: 'पन्नासच्या पुढे बारीक बुडबुडे आले, पण पाणी उकळत नव्हतं.' ती पाण्यात विरघळलेली हवा. गाईडमधून उतरवणारं मूल हे लिहीत नाही, ते थेट 'पाणी उकळले' लिहितं. तो निष्कर्ष झाला, निरीक्षण नव्हे.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, आणि प्रयोगवहीला गुण कसे द्यायचे हे तर सांगायचं राहिलंच. घाईत सांगतो. दहा गुण धरा. तारखेला दोन: कॅलेंडर जवळ ठेवा, रविवारची तारीख सापडते. सगळे प्रयोग एकाच शाईत, एकाच बैठकीचे दिसले तर मुलाला बोलावून विचारा, लगेच गुण कापू नका.

आकृतीला तीन. छायांकन नको, नावं हवीत. तिवई, जाळी, चंचुपात्र, आणि मुख्य म्हणजे तापमापीचा फुगा पाण्यात, तळाला न टेकलेला. निरीक्षणाला तीन, एककासह.

उरलेले दोन चुकीच्या नोंदीला. एका मुलानं १०४ वर एकच आडवी रेघ मारून बाजूला लिहिलं होतं, 'फुगा तळाला टेकला होता, परत घेतलं.' जुना आकडा वाचता येतोय, कारण दिलंय, नवं वाचन खाली आहे. दोनपैकी दोन. नुसतं १०४ ठेवून पुढं गेलेल्याला एक द्या. खोडरबर चालवलेल्याला शून्य, पण आधी विचारा की पुसायला कुणी सांगितलं. आपल्यापैकीच कुणी सांगितलं असेल, तर ते दोन गुण त्या मुलाचे कापू नका.