वीस टक्के नफा, वीस टक्के तोटा, मग चारशे रुपये गेले कुठे?

नमस्कार मंडळी! जुन्या सायकली घ्यायच्या, नीटनेटक्या करायच्या आणि विकायच्या, हा माझा रविवारचा उद्योग. आज त्याची वही तुमच्यासमोर उघडतोय.

पहिली सायकल घेतली ३२०० रुपयांना, विकली ४८०० ला. वर आले १६००, म्हणजे ५० टक्के नफा? थांबा थांबा. टायर-ट्यूब आणि ओव्हरहॉलिंगला ६५० गेले, टेम्पोवाल्याने १५० घेतले. हे ८०० रुपये विकण्याआधीच खिशातून गेलेत, तेव्हा ते खरेदीतच धरायचे. एकूण खरेदी किंमत झाली ४०००. विक्री ४८००, नफा ८००. आता ८०० भागिले ४०००, गुणिले १००. शेकडा नफा २०. कुठे ५० आणि कुठे २०!

इथे काही जण ८०० ला विक्रीच्या ४८०० ने भागतात आणि १६.६७ काढतात. धंद्यात विक्रीवर असं मार्जिन काढतातही. पण शाळेतल्या गणितात वेगळं सांगितलं नसेल, तर शेकडा नफा असो की तोटा, भागायचं खरेदी किमतीनेच.

दुसरी सायकल गिअरची. दुरुस्ती धरून पडली ६००० ला. गिऱ्हाईक काही जमेना, शेवटी तीही ४८०० लाच दिली. तोटा १२००. १२०० भागिले ६०००, गुणिले १००, शेकडा तोटा २०.

माझा भाऊ म्हणाला, "वीस टक्के आले, वीस टक्के गेले. फिटंफाट!"

म्हटलं, पैसे मोजू या. दोन्हींची खरेदी ४००० अधिक ६०००, म्हणजे १०,०००. विक्री ४८०० च्या दुप्पट, ९६००. चारशे रुपये कमी! १०,००० वर ४०० म्हणजे ४ टक्के तोटा.

गोम अशी आहे की पहिले वीस टक्के ४००० चे आहेत आणि दुसरे ६००० चे. आकडा एकच, पण एकाचे होतात ८०० आणि दुसऱ्याचे १२००. विक्री किंमत सारखी असली की तोट्यात गेलेली वस्तू महाग घेतलेली असणारच, म्हणून तिचे टक्के जड पडतात. दोन्ही सायकली ४००० ला पडल्या असत्या, एक ४८०० ला आणि दुसरी ३२०० ला गेली असती, तर भावाचं म्हणणं अगदी खरं ठरलं असतं.

मग माझी फिटंफाट कधी झाली असती? पहिलीवर ८०० मिळाले, तर दुसरीवर ८०० च जायला हवे होते. म्हणजे ती ५२०० ला विकायला हवी होती, १३.३३ टक्के तोट्याने.

आणि खरं सांगू? पहिल्याच आठवड्यात एक जण ५२०० द्यायला तयार होता. मीच नको म्हटलं.