लय सुटते कुठे?

(गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या हिवाळी व्याख्यानमालेतलं भाषण, थोडं कापून-जोडून)

अध्यक्ष महाराज, ग्रंथपाल काका आणि राजेहो,

माझा विषय 'रॉक संगीतात मेट्रोनोमचा वापर' असा होता. पत्रिकेत तो 'रॉक संगीतात मेट्रोचा वापर' असा छापला गेलाय, त्यामुळे मागच्या बाकावरची दोन-चार मंडळी नागपूर मेट्रोबद्दल ऐकायला आली आहेत असं कळलं. आले तसे बसा, बाहेर थंडी आहे.

मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. मेट्रोनोम म्हणजे ठरलेल्या लयीत टिकटिक करणारं यंत्र. ड्रमवाल्याच्या कानात त्याची जी टिकटिक वाजते, जिला आम्ही क्लिक म्हणतो, ती बाहेरून आणून बँडच्या डोक्यावर बसवू नये. बँडच्याच वाजवण्यातून ती काढावी. कशी काढायची ते शेवटी सांगतो, तोवर कोणी उठू नका.

आधी लय सुटते म्हणजे काय ते बघू. आपल्याकडे लय म्हणजे 'फार' असाही अर्थ आहे, म्हणून आमच्या घरी 'लय लय वाढली' हे वाक्य चुकीचं समजत नाहीत. खंजिरी भजन न ऐकलेला माणूस या खोलीत नसेल. राष्ट्रसंतांचं भजन ज्या चालीत सुरू होतं त्याच चालीत संपतं का? शेवटच्या कडव्याला खंजिरी अशी धावते की झांजवाल्याचा हात दिसत नाही. तरी कोणी तक्रार करत नाही, कारण धावतात ते सगळे मिळून धावतात. रॉकमध्येही तसंच चालत आलं आहे. रोलिंग स्टोन्सचं 1969 सालचं 'हॉन्की टाँक विमेन' लावून बघा. सुरुवातीला काऊबेल, म्हणजे काठीने वाजवायची धातूची घंटा, निवांत चालते आणि गाणं संपेपर्यंत सगळे चांगलेच पुढे पळालेले असतात. कोणाचं काही बिघडलं नाही.

बिघडतं कधी? बँडमध्ये न पळणारा एक गडी आला की. म्हणजे आधी ध्वनिमुद्रित केलेला भाग: मागचे कोरस, कीबोर्ड, व्हायोलिनचा थर. तो गडी तुमच्यासाठी थांबत नाही आणि तुमच्यासोबत धावतही नाही. 'द हू' या बँडने 1971 च्या सुमारास सिंथेसायझरची टेप वाजवत मंचावर गाणी करायला सुरुवात केली, तेव्हा त्यांचा ड्रमर कीथ मून कानाला हेडफोन लावून बसायचा. ज्याला कोणी आवरू शकत नव्हतं तो गडी एका टेपने आवरला.

आता छोटा हिशोब. 120 ची लय म्हणजे मिनिटाला 120 ठोके, प्रत्येक ठोका अर्ध्या सेकंदाचा. चार मिनिटांच्या गाण्यात 480 ठोके झाले. समजा तुम्ही 121 ने वाजवलं. हा फरक कानाला सहजासहजी कळत नाही, शेजारी उभा असलेला गिटारवालाही सांगू शकणार नाही. पण चार मिनिटांनी तुमचे 484 ठोके झालेले असतात. चार ठोके म्हणजे एक अख्खा बार. तुम्ही शेवटच्या ओळीला पोचलात आणि कोरस अजून आधीच्या ओळीचा शेवट करतोय. एका अंकाची किंमत एवढी आहे.

आता शारदोत्सवाची गोष्ट सांगतो. ग्रंथपाल काका म्हणतात की ती मी दर वर्षी सांगतो. सांगतोच, कारण जखम तिथेच आहे.

एका तालुक्याच्या गावी नवरात्रात आमच्या बँडचा कार्यक्रम होता. लॅपटॉपमधून एक वायर निघते, पुढे तिची दोन टोकं होतात. डाव्या टोकातून क्लिक, ती माझ्या छोट्या मिक्सरमध्ये आणि तिथून हेडफोनमध्ये. उजव्या टोकातून व्हायोलिन आणि कोरस, ते साउंडवाल्याच्या मोठ्या मिक्सरमध्ये. साउंडवाला भला माणूस, उन्हाळ्यात कूलर दुरुस्त करतो. त्याने अंधारात दोन्ही टोकं उलटी लावली. तपासायचं काम माझं होतं आणि मी ते केलं नाही, कारण आयोजकांनी तेव्हाच आलूभाताची ताटं मागे पाठवली होती.

गाणं सुरू झालं. माझ्या कानात व्हायोलिन वाजायला लागली, क्लिक नाही. आता व्हायोलिनचा थर कसा असतो? चार-चार ठोके लांबलेला एकच सूर. त्यात पाय ठेवायला जागा नसते. मला वाटलं क्लिक बंद पडली, म्हणून हाताच्या भरवशावर वाजवत राहिलो. पुढे मंडपात काय चाललं होतं ते मला माहीत नव्हतं. दोन्ही बाजूच्या मोठ्या स्पीकरांतून अख्ख्या गावाला काऊबेलची टिकटिक ऐकू जात होती, 126 ने, अगदी पक्की. म्हणजे माझी लय कुठे सुटते हे मोजायचं यंत्र माझ्या कानातून निघून दोन हजार माणसांच्या कानात बसलं होतं.

गिटारवाला माझ्याकडे डोळे वटारून बघत होता. मला वाटलं, खूश आहे.

कार्यक्रम संपल्यावर एक म्हातारे खंजिरीवाले मंचामागे आले. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बावा, तो टिकटिकवाला कुठचा हाय? हात लय पक्का हाय त्याचा. तू मात्र पहिल्या कडव्यापासून पळून राह्यला होता. त्याले आमच्या भजनात धाड."

ते काका आज इथे बसले आहेत, म्हणून ही गोष्ट मी वाढवून सांगू शकत नाही. त्यांनी पुढे एक गोष्ट अचूक सांगितली होती: "तू सारखा नाही पळत. मोठी धडधड केली का पळते, मंग तिथंच राह्यते." धडधड म्हणजे आमचा फिल, गाण्याच्या एका भागातून दुसऱ्या भागात जाताना टॉम नावाच्या ड्रमांवरून हात फिरवतो तो. फिलमध्ये ठोके दाट असतात, हाताला वाटतं की जागा कमी आहे, आणि पुढची सम किंचित आधी पडते. बँड त्या नव्या समेला धरून पुढे जातो. पुन्हा मागे कोणी येत नाही. पुढचा फिल पुन्हा थोडा पुढे. पायरी पायरीने चढतो माणूस.

तेव्हापासून माझ्या डाव्या टोकाला लाल चिकटपट्टी आहे, आणि क्लिक सुरू होण्याआधी माझ्याच आवाजात 'क्लिक' असा शब्द ध्वनिमुद्रित केलेला आहे. तो शब्द मंडपात ऐकू आला तर गाणं सुरूच करायचं नाही.

स्टुडिओत वेगळी तऱ्हा. नागपूरला पहिल्यांदा स्टुडिओत बसलो तेव्हा हेडफोनमध्ये क्लिक लागली आणि मी तिच्यामागे पोलीस लागल्यासारखा वाजवायला लागलो. प्रत्येक ठोका पडला की ऐकायचं, मग आपला मारायचा. म्हणजे मी कायम उशिरा. नंतर एका जुन्या वाजवणाऱ्याने सांगितलं, क्लिक ऐकायची नसते, गाडायची असते. ही गोष्ट घरी करून बघा. तुमच्या स्नेअर ड्रमचा ठोका बरोबर क्लिकवर पडला तर क्लिक नाहीशी होते, स्नेअरचा आवाज तिला गिळतो. क्लिक आधी ऐकू आली आणि मग तुमचा ठोका, तर तुम्ही मागे. तुमचा ठोका आधी आणि क्लिक त्याच्या शेपटीला चिकटलेली, तर तुम्ही पुढे. क्लिक ऐकूच येत नाही असे सलग आठ बार गेले की समजायचं, बसली. संथ गाण्यात, समजा 70 ला, दोन ठोक्यांमधली जागा एवढी मोठी असते की माणूस तिथे हरवतो. म्हणून तिथे मधल्या अर्ध्या मात्रेवरही बारीक टिक ठेवतात.

आणि शेवटच्या क्रॅशला, म्हणजे मोठ्या झांजेवरच्या शेवटच्या ठोक्याला, क्लिक बंद करायची. झांज सात-आठ सेकंद घुमत असते, खोली शांत होते, आणि हेडफोनमधून गळलेली टिकटिक झांजेवरच्या माईकमध्ये शिरते. एका गाण्याचा शेवट मी असाच घालवला. मिक्सिंग करताना कोणीतरी विचारलं, स्टुडिओत भिंतीवर घड्याळ आहे का?

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे: दहा मिनिटं. शेवटची बस साडेआठची आहे. म्हणजे जे सांगायला आलो होतो त्याला आता दहा मिनिटं. हरकत नाही, पळतो. क्लिक नाही ना लावलेली.

क्लिक काढायची कशी? संपूर्ण बँडने गाणं क्लिकशिवाय तीनदा वाजवायचं. मोबाईलवर ध्वनिमुद्रण पुरतं. मग गाण्याच्या प्रत्येक भागातले आठ बार घ्यायचे, म्हणजे 32 ठोके. पहिल्या बारच्या समेपासून नवव्या बारच्या समेपर्यंत किती सेकंद लागले ते बघायचं, आणि 1920 ला त्या सेकंदांनी भागायचं. 1920 कुठून आले? 32 गुणिले 60.

आमच्या एका गाण्याचं सांगतो. कडव्याला 16.27 सेकंद, म्हणजे 118. ध्रुवपदाला 15.87, म्हणजे 121. दुसरं कडवं परत 118 च्या आसपास. तिन्ही वेळा असंच. ही लय सुटलेली नाही, ही गाण्याची चाल आहे. ध्रुवपदाला बँड छाती पुढे काढतो आणि कडव्याला पुन्हा टेकतो. ती ठेवायची. पण गिटारच्या तुकड्याआधी माझा एक मोठा फिल होता. त्यानंतर एकदा 15.48, म्हणजे 124, दुसऱ्यांदा 122, तिसऱ्यांदा 125, आणि शेवटचं ध्रुवपद तिन्ही वेळा तिथेच अडकलेलं. हा माझा हात. काकांनी सांगितलेली धडधड. ती काढायची.

खूण अशी की चढून परत येतं ते गाण्याचं. चढून तिथेच राहतं आणि दर वेळी वेगळ्या अंकावर राहतं, ते हाताचं.

मग संगणकात क्लिक मांडताना कडवं 118, ध्रुवपद 121, परत 118 आणि गिटारचा तुकडा 121 असं लिहिलं. बदल ध्रुवपदाच्या समेवर टाकायचा नाही, तिथे धक्का बसतो. आधीच्या बारमध्ये, फिल सुरू असतानाच 119, 120 करत न्यायचा, म्हणजे फिल त्याला उचलून नेतो. कोरस, व्हायोलिन सगळं याच क्लिकवर ध्वनिमुद्रित करायचं. नंतर अंक बदलला तर ते सगळं ताणावं लागतं किंवा नव्याने गावं लागतं, म्हणून तीन वेळा वाजवून मगच ठरवा.

एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय, लोकांच्या टाळ्यांवर वाजवलं तर? नका वाजवू. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. मंडपाचं मागचं टोक 34 मीटरवर असेल तर तुमचा ठोका तिथे दशांश सेकंद उशिरा पोचतो, आणि त्यांची टाळी तुमच्यापर्यंत यायला आणखी एक दशांश. 120 ला ठोकाच अर्ध्या सेकंदाचा. टाळीच्या मागे गेलात तर तिच्यासोबत मागेच जात राहाल.

घंटा वाजली. अध्यक्ष महाराज, दोन मिनिटं. काका, खंजिरी आणली आहे ना? कोणीतरी मोबाईलवर घड्याळ काढा. बाकीच्यांनी बत्तीस ठोके मोजायचे, मोठ्याने नाही, मनात. नंतर शेवटच्या कडव्याचे परत बत्तीस. हं काका, घ्या.