बिनव्याजी हप्त्यातलं व्याज

श्रोतेहो, नमस्कार. वॉशिंग मशीनवर पाटी असते: ‘नो कॉस्ट ईएमआय, व्याज शून्य’. किंमत 30,000, हप्ते बारा, दरमहा 2,500. बारा गुणिले 2,500 बरोबर 30,000. हिशेब चोख जुळतो आणि आपण निर्धास्त होतो. पण या गुणाकारातून एवढंच कळतं की हप्त्यांची बेरीज पाटीवरच्या किमतीएवढी आहे. ती किंमत खरी आहे का, हे त्यातून कळत नाही.

म्हणून हप्त्याचं नावही न काढता आधी विचारा, “सगळे पैसे आत्ता, एकरकमी दिले तर शेवटची किंमत काय?” समजा, उत्तर आलं 28,000. मग हप्त्याने घेणाऱ्याला सोडावी लागलेली ही 2,000 ची सूट म्हणजेच व्याज. त्याला व्याज म्हटलेलं नाही, इतकाच फरक.

आता हे व्याज किती टक्के पडलं? बहुतेक जण 2,000 ला 28,000 ने भागतात आणि म्हणतात, सात टक्के, फार नाही. इथेच फसगत होते. कारण 28,000 वर्षभर तुमच्याकडे राहतच नाहीत, दर महिन्याला थोडे परत जातात. पहिल्या महिन्यात 28,000 ची उधारी असते, शेवटच्या महिन्यात जेमतेम 2,300 ची. दोन्हींची बेरीज करून निम्मी केली की वर्षभरातली सरासरी उधारी निघते, सुमारे 15,000. त्या 15,000 वर 2,000 व्याज म्हणजे वर्षाला 13 टक्के. सात वाटणारा दर जवळजवळ दुप्पट निघाला. पद्धत ढोबळ आहे, पण काउंटरपाशी उभं राहून निर्णय घ्यायला पुरेशी आहे.

या आकड्याला आणखी दोन गोष्टी वर ढकलतात. पहिली, प्रोसेसिंग फी. ती 500 असेल तर नगण्य वाटते, पण याच उदाहरणात ती धरली की दर 16 टक्क्यांच्या वर जातो. दुसरी, पहिला हप्ता खरेदीच्याच दिवशी घेणं. तेव्हा खरी उधारी 28,000 ची नसून 25,500 ची असते आणि तीही अकरा महिन्यांत फिटते. फी नसली तरी दर 15 टक्क्यांच्या पुढे सरकतो. म्हणून पहिला हप्ता कधी कापला जाणार, हे आवर्जून विचारा. मला हा प्रश्न फीइतकाच महत्त्वाचा वाटतो, आणि तो फार कमी लोक विचारतात.

काही योजनांत कर्जाच्या कागदावर व्याज उघडच लिहिलेलं असतं. तिथे कर्ज देणारी संस्था व्याज लावते आणि विक्रेता तेवढीच रक्कम किमतीतून आधी कमी करतो. तुमच्या 30,000 च्या मशीनसाठी कागदावर कर्ज सुमारे 27,700 आणि व्याज 2,300 दिसलं, तर ते वर्षाला 15 टक्क्यांचं कर्ज आहे. ते पाहून घाबरू नका. रोख घेणाऱ्यालाही मशीन 30,000 लाच मिळत असेल, तर व्याजाचा भार खरोखरच विक्रेत्याने किंवा उत्पादकाने उचललेला आहे. मात्र व्याजावर वेगळा कर लागतो का, ते पाहा. लागत असेल तर तो सहसा सुटीत धरलेला नसतो आणि तुमच्याच खात्यातून जातो.

या तपासणीची सगळी मदार रोख किमतीवर आहे, आणि ती नेमकी मिळवणं हेच खरं कष्टाचं काम. छापील किंमत किंवा पाटीवर खोडलेला मोठा आकडा धरू नका, त्या भावाने क्वचितच कोणी घेतं. त्याच दिवशी निदान आणखी दोन विक्रेत्यांना तोच प्रश्न विचारा आणि मॉडेल क्रमांक अक्षर न् अक्षर जुळवा. दिसायला एकच मशीन, पण क्रमांकाच्या शेवटी एखादं अक्षर वेगळं असतं आणि मग किमतींची तुलनाच होत नाही. कार्डावरची झटपट सूट, कूपन, जुन्या वस्तूचा वाढीव भाव, यांपैकी काय हप्ता निवडताच गायब होतं तेही बघा. ऑनलाइन घेत असाल तर पैसे भरायच्या पानावर एकदा एकरकमी आणि एकदा हप्ता निवडून शेवटचा आकडा लिहून घ्या. हप्त्यासोबत वाढीव वॉरंटी गळ्यात मारली असेल, तर तिची किंमतही फरकात धरा.

एवढं करूनही सगळीकडे रोख किंमत 30,000 च निघाली, फी नाही आणि वेगळा करही नाही, तर योजना खरोखर बिनव्याजी आहे. मग हातात रोख असली तरी हप्तेच घ्या आणि ते पैसे वर्षभर आपल्या खात्यात राहू द्या. फरक निघालाच, तर विक्रेत्यासमोर 13 टक्क्यांचा हिशेब मांडा आणि 28,000 ला एकरकमी बिल करायला सांगा.