केबलचा बाक आणि तुळईवरचा भार : प्रीस्ट्रेसिंगचे बळ कसे ठरवावे

आज एकाच तुळईचा हिशेब आपण शेवटपर्यंत नेणार आहोत. तुळई साध्या टेकूंवरची आहे, गाळा २० मीटर, रुंदी ४०० मिलिमीटर आणि खोली १००० मिलिमीटर. तिचे स्वतःचे वजन मीटरला १० किलोन्यूटन भरते. तिच्यावर कायम राहणारा स्लॅब व फरशी यांचा भार मीटरला ८, आणि माणसे व सामान यांचा बदलता भार मीटरला १२ किलोन्यूटन आहे. तिच्यात पॅराबोलाच्या आकाराची केबल टाकून ती किती बळाने ओढावी, हा आपला प्रश्न आहे.

छेदातील प्रतिबले एकात एक मिळवून हे उत्तर काढता येते, आणि पूर्वी ते तसेच काढत. टी. वाय. लिन यांनी १९६३ मध्ये भार तोलण्याची रीत मांडली आणि या प्रश्नाकडे पाहण्याची दिशाच बदलली. त्यांचे म्हणणे असे, की काँक्रीटच्या दृष्टीने वाकवलेली व ताणलेली केबल हा खालून वर ढकलणारा एक भारच आहे. मग तो नेमका किती हवा, हे आधी ठरवावे आणि बळ त्यावरून काढावे. मला ही रीत विशेष मोलाची वाटते, कारण तिच्यात तुळई प्रत्यक्षात काय करते आहे हे प्रत्येक पायरीला डोळ्यांसमोर राहते.

वर ढकलणारा हा भार येतो कुठून? केबलची दोन्ही टोके तुळईच्या मध्य-अक्षावर, म्हणजे निम्म्या खोलीवर ठेवली आणि गाळ्याच्या मधोमध ती त्या अक्षाच्या ३६० मिलिमीटर खाली नेली, असे धरू. म्हणजे मध्यभागी केबल तळापासून १४० मिलिमीटर वर असते. केबलचा हा मधला बाक h आणि गाळा L म्हटला, तर पॅराबोलाचा उतार टोकाशी 4h/L इतका, म्हणजे ०.०७२ असतो, मध्यावर तो शून्य होतो आणि दुसऱ्या टोकाशी तितकाच उलट दिशेने होतो. २० मीटरांत उतार एकूण ०.१४४ ने बदलला, आणि पॅराबोलात हा बदल प्रत्येक मीटरला सारखाच, ०.००७२ इतका असतो. ताणलेली केबल जिथे दिशा बदलते तिथे ती आतल्या बाजूला, म्हणजे इथे वरच्या बाजूला, दाबते. आणि तो दाब केबलमधले बळ गुणिले दिशेतला बदल इतका असतो. वक्रता सगळीकडे सारखी असल्याने वर ढकलणारा भारही सगळीकडे सारखाच पसरतो. म्हणूनच समान पसरलेल्या भारासाठी पॅराबोला निवडतात; गाळ्याच्या मधोमध एकच जड भार असता, तर केबल तिथे एका कोनात मोडावी लागली असती.

केबलमधले बळ P आणि मीटरला तोलायचा भार w म्हटला, तर यातून हे सूत्र मिळते:

P = wL² / 8h

आता किती भार तोलायचा? माझा सल्ला कायम भार तोलण्याचा असतो. इथे तो १० आणि ८ मिळून १८ किलोन्यूटन प्रति मीटर आहे. १८ गुणिले ४०० ला ८ आणि ०.३६ यांच्या गुणाकाराने भागले, की P बरोबर २५०० किलोन्यूटन. हे सर्व ऱ्हास, म्हणजे केबलच्या बळात होणारी घट, होऊन गेल्यावर केबलमध्ये उरलेले बळ आहे, हे विसरू नये.

या बळाखाली, बदलता भार नसताना, तुळई वाकतच नाही. तिच्या प्रत्येक छेदावर २५०० किलोन्यूटन भागिले ०.४ चौरस मीटर, म्हणजे ६.२५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर इतका सरळ दाब असतो, वर आणि खाली सारखाच. बदलता भार आल्यावर फक्त त्याचाच बेंडिंग मोमेंट मोजायचा: १२ गुणिले ४०० भागिले ८, म्हणजे ६०० किलोन्यूटन-मीटर. त्यामुळे कडांवर ९ न्यूटनांचे प्रतिबल येते. वरच्या कडेला दाब १५.२५ होतो आणि तळाला २.७५ ची तन्यता, म्हणजे ओढ, येते. एम-४५ काँक्रीटला हा दाब पेलवतो, आणि ज्या तुळईत दिसण्याजोगे तडे नकोत पण थोडी तन्यता चालते, त्या वर्गासाठी आपल्या आयएस १३४३ या मानकाने ३ न्यूटनांपर्यंत मुभा दिली आहे.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. केबल भार तोलते म्हणून टेकूंवरचा भार कमी होतो, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. केबल टोकाशी तिरकी असल्याने तिला तिथे धरून ठेवणारे अँकर काँक्रीटला खाली ओढतात: २५०० गुणिले ०.०७२, म्हणजे प्रत्येक टोकाला १८० किलोन्यूटन. दोन्ही मिळून ३६०, आणि वर ढकलणारा एकूण भारही १८ गुणिले २० म्हणजे ३६० च. केबल भार नाहीसा करत नाही, ती तो गाळ्यातून उचलून टोकांशी नेते.

मग संपूर्ण ३० किलोन्यूटनच का तोलू नये? त्यासाठी सुमारे ४१७० किलोन्यूटन लागतील, आणि बदलता भार नसलेल्या बहुतेक काळात तुळई मीटरला १२ किलोन्यूटनांनी वर ढकललेली राहील. काँक्रीट अशा कायमच्या भाराखाली वर्षानुवर्षे हळूहळू विरूप होत जाते, त्यामुळे वरचा बाक वाढत राहतो आणि फरशीची पातळी बिघडते.

हाच धोका आपल्या निवडीतही थोड्या काळापुरता येतो. एकूण ऱ्हास २० टक्के धरला, तर जॅकपाशी २५०० भागिले ०.८, म्हणजे ३१२५ किलोन्यूटन लावावे लागतात. १२.७ मिलिमीटरच्या सात तारांच्या स्ट्रँडची तुटण्याची क्षमता १८३.७ किलोन्यूटन असते. बारा बारा स्ट्रँडच्या दोन केबल घेतल्या, तर प्रत्येक स्ट्रँडवर सुमारे १३० किलोन्यूटन, म्हणजे क्षमतेच्या ७१ टक्के बळ येते, आणि ते चालण्यासारखे आहे. घर्षण, अँकरमध्ये स्ट्रँड पकडणारी वेज सरकणे आणि दाबाने काँक्रीट आखूड होणे हे लगेचचे ऱ्हास वजा केल्यावर, अँकर बसताच साधारण २८०० किलोन्यूटन उरतात असे धरू. त्या वेळी वर ढकलणारा भार २०.१६ असतो, आणि खाली फक्त तुळईचे १०. उरलेल्या १०.१६ मुळे वरच्या कडेला ०.६२ ची तन्यता आणि तळाला १४.६ चा दाब येतो, तोही काँक्रीट अजून कोवळे असताना. मध्यभागी तुळई साधारण २० मिलिमीटर वर उचलली जाते. ताणकामाआधी आणि नंतर लेव्हल लावून हे पाहावे. उचल फारच कमी आली, तर बळ पोचलेले नाही किंवा केबल तिच्या जागी नाही, असा संशय घ्यावा. तन्यता अजिबात नको असेल, तर एक केबल आधी ताणावी आणि दुसरी स्लॅबचे वजन आल्यानंतर.

केबलची जागा चुकणे ही तर साइटवरची नेहमीची गोष्ट आहे. केबल ज्या नळीतून जाते ती रिकामी शीथ काँक्रीट ओतताना तरंगून वर येते. मध्यभागी ती २० मिलिमीटर वर आली तर h ३४० उरतो आणि १८ ऐवजी १७ किलोन्यूटनच तोलले जातात. जॅकचा गेज मात्र अगदी बरोबर आकडा दाखवतो, आणि केबलची लांबीही अपेक्षेइतकीच वाढते. म्हणून आधारसळ्यांवर शीथ बांधून तिची पातळी काँक्रीटपूर्वीच तपासली पाहिजे. टोकापासून पाव गाळ्यावर ती अक्षाच्या २७० मिलिमीटर खाली असली पाहिजे. १८० आली तर कोणीतरी पॅराबोलाऐवजी सरळ रेषा आखली आहे असे समजावे.

केबलच्या लांबीतली वाढ दुसरी एक गोष्ट सांगते. घर्षण सोडले तर २० मीटर केबल या बळाला सुमारे १३५ मिलिमीटर वाढते, घर्षणामुळे प्रत्यक्षात थोडी कमी. ती अपेक्षेपेक्षा फारच कमी भरली, तर केबल वाटेत अडकली आहे.

भार तोलण्याचा हा हिशेब वापरातल्या स्थितीपुरता आहे. भार दीडपट करून शेवटच्या क्षमतेची तपासणी वेगळी करावी लागते, आणि तिथे २२५० किलोन्यूटन-मीटर मोमेंट येतो. या नुसत्या आयताकृती छेदात केबल इतकी भरली आहे की वरचे काँक्रीट आधी चिरडण्याची भीती आहे. म्हणून वर रुंद फ्लँज घ्यावी किंवा दाबाच्या बाजूला साधी सळी वाढवावी, आणि स्वतःचे वजन बदलले की १८ हा आकडा पुन्हा मांडावा.